उणे ३.०६ आलं कुठून? तक्त्यावरून अपेक्षित मूल्य आणि व्हेरिअन्स काढताना

प्रश्न: सर, मी बारावी कॉमर्सला आहे. दुकानात रोज विकल्या जाणाऱ्या मिक्सरची संख्या X, असं गणित आहे. x च्या किमती ०, १, २, ३, ४ आणि त्यांच्या संभाव्यता ०.१०, ०.२५, ०.३०, ०.२०, ०.१५. E(X) माझा २.०५ येतो, तो बरोबर आहे. व्हेरिअन्स मात्र तीन वेळा केला तरी −३.०६ च येतो. मैत्रिणीला ३.६० आला, दादाला १.६५. पुस्तकाच्या मागे १.४४७५ दिलंय. आमचं तिघांचं काय चुकतंय?

उत्तर: तिघांच्या चुका तीन निरनिराळ्या आहेत, आणि तुमच्या वहीचं पान न बघताही त्या ओळखता येतात. आधी बरोबर तक्ता मांडतो.

| x | P | xP | x²P |
|---|---|---|---|
| ० | ०.१० | ० | ० |
| १ | ०.२५ | ०.२५ | ०.२५ |
| २ | ०.३० | ०.६० | १.२० |
| ३ | ०.२० | ०.६० | १.८० |
| ४ | ०.१५ | ०.६० | २.४० |
| बेरीज | १.०० | २.०५ | ५.६५ |

Var(X) = E(X²) − [E(X)]² = ५.६५ − (२.०५)² = ५.६५ − ४.२०२५ = १.४४७५.

तुझी चूक चौथ्या रकान्यात आहे. तू तिसऱ्या रकान्यातल्या आकड्यांचेच वर्ग केलेस. ०.२५ चा वर्ग ०.०६२५, आणि ०.६० चा वर्ग ०.३६ असे तीनदा, मिळून १.१४२५. त्यातून ४.२०२५ वजा केले की बरोबर −३.०६ येतात. म्हणजे तुझी बेरीज-वजाबाकी चोख आहे. तीनदा केलंस तरी तेच आलं, कारण तीनही वेळा रकाना त्याच चुकीच्या पद्धतीनं भरला गेला. गणित पुन्हा करून बघताना आकडे नव्यानं तपासले जातात, पण पद्धत तीच राहते, म्हणून हा ताळा इथे उपयोगी पडला नाही.

x²P मध्ये वर्ग फक्त x चा आहे, P चा नाही. याचं कारण नीट समजून घे, म्हणजे सूत्र पाठ करावं लागणार नाही. X² हा स्वतःच एक नवा यादृच्छिक चल आहे. ज्या दिवशी चार मिक्सर विकले जातात, त्या दिवशी X² ची किंमत १६ असते. असा दिवस येण्याची संभाव्यता किती? आधी होती तेवढीच, ०.१५. किंमत ४ ची १६ झाली म्हणून तो दिवस दुर्मीळ होत नाही. म्हणून १६ × ०.१५ = २.४०. तू केलेल्या ०.६० × ०.६० मध्ये ०.१५ दोनदा गुणलं गेलं.

रकाना भरताना मी मुलांना एकच सवय लावतो: चौथा रकाना म्हणजे तिसरा रकाना पुन्हा एकदा पहिल्यानं गुणायचा. शेवटच्या ओळीत ०.६० × ४ = २.४०, त्याच्या वरच्या ओळीत ०.६० × ३ = १.८०. तुझ्या तक्त्यात तिसऱ्या रकान्यात ०.६० तीनदा आलंय, पण चौथ्यात त्याचे १.२०, १.८० आणि २.४० असे वेगवेगळे आकडे होतात. तिसऱ्यात सारखे असलेले आकडे चौथ्यातही सारखेच राहिले (तुझ्याकडे तीनदा ०.३६ आले असतील), तर तिथेच थांबायचं.

आणि हे उत्तर ऋणच का आलं, हा योगायोग नाही. २.०५ चा वर्ग म्हणजे (०.२५ + ०.६० + ०.६० + ०.६०) चा वर्ग. कंस सोडवला की प्रत्येक पदाचा वर्ग येतो आणि शिवाय दोन-दोन पदांचे गुणाकार येतात. तू वर्गांची बेरीज केलीस आणि त्यातून हा सगळा विस्तार वजा केलास. वर्ग आपापसात कटले आणि दोन-दोन पदांचे गुणाकार उणे चिन्हासह मागे उरले. तुझे −३.०६ म्हणजे नेमके तेच. x च्या सगळ्या किमती शून्य किंवा धन असतील, तर या चुकीनं उत्तर कधीच धन येऊ शकत नाही. त्यामुळे मिक्सर, ग्राहक, अपघात, फोनकॉल अशा मोजणीच्या गणितात व्हेरिअन्स ऋण आला की मी सगळ्यात आधी चौथा रकाना बघतो.

आता मैत्रिणीचं ३.६०. तिचा तक्ता बरोबर आहे, पण शेवटच्या पायरीत ५.६५ − २.०५ केलंय. E(X) चा वर्ग राहून गेला. तुझ्या उत्तरापेक्षा हे उत्तर जास्त घातक आहे, कारण ते धन आहे आणि दिसायलाही ठीक दिसतं. व्हेरिअन्स किती मोठा असू शकतो याची एक नेमकी मर्यादा आहे: सगळ्यात मोठी किंमत वजा E(X), गुणिले E(X) वजा सगळ्यात लहान किंमत. राजेंद्र भाटिया आणि चँडलर डेव्हिस यांनी २००० साली ही असमानता मांडली. इथे ती (४ − २.०५) × (२.०५ − ०) = ३.९९७५ येते. वजाबाकी करायलाच विसरून कुणी ५.६५ हेच उत्तर लिहिलं, तर या मर्यादेवर ते लगेच पकडलं जाईल. ३.६० मात्र तिच्या आत बसतं, म्हणून निसटतं.

मग ते पकडायचं कसं? तक्ता नुसता डोळ्यांनी बघूनही अंदाज करता येतो, आणि हा अंदाज मी गणिताला हात घालण्याआधीच करतो. सरासरी साधारण २ आहे. ० आणि ४ या किमती तिच्यापासून २ अंतरावर आहेत, त्यांची मिळून संभाव्यता ०.२५. १ आणि ३ या १ अंतरावर आहेत, मिळून ०.४५. राहिलेले ०.३० तर थेट २ वरच आहेत. अंतराचे वर्ग घेऊन ४ × ०.२५ + १ × ०.४५ + ० × ०.३० = १.४५. कागद-पेन न घेता उत्तर १.४५ च्या आसपास असणार हे कळलं. आता ३.६० समोर आलं तर ते या तक्त्याचं असूच शकत नाही. व्हेरिअन्स ३.६० यायला बहुतेक दिवस ० किंवा ४ या टोकांना असावे लागतील, आणि इथे चारातले तीन दिवस १ ते ३ च्या मधले आहेत.

मैत्रिणीला हेही सांग की तिचं ३.६० अगदीच निरर्थक नाही. E(X²) − E(X) म्हणजे X(X − १) चं अपेक्षित मूल्य. तो रकाना वेगळा काढून बघ: २ × ०.३० + ६ × ०.२० + १२ × ०.१५ = ०.६० + १.२० + १.८० = ३.६०. त्यात २.०५ मिळवून (२.०५)² वजा केले की पुन्हा १.४४७५ मिळतात. x²P च्या रकान्याचा स्वतंत्र ताळा करायचा असेल तर ही वाट चांगली आहे, कारण इथे गुणाकार वेगळे असतात आणि आधीची चूक आपोआप पुन्हा होत नाही.

दादाचं १.६५ मला सगळ्यात जास्त बोलण्यासारखं वाटतं. त्यानं ५.६५ − ४ केलंय, म्हणजे E(X) २ धरला. बहुतेक त्याला वाटलं असेल की मिक्सर काही २.०५ विकले जात नाहीत, म्हणून २. हा विचार मला दर वर्षी कुणाच्या तरी वहीत दिसतो. 'अपेक्षित' या शब्दामुळे एखाद्या दिवशी जे घडेल अशी अपेक्षा आहे तेच मूल्य, असं वाटतं. पण हे मूल्य दीर्घकाळच्या सरासरीचं असतं. शंभर दिवसांत साधारण २०५ मिक्सर, हा त्याचा अर्थ. साध्या फाशाचं अपेक्षित मूल्य ३.५ आहे आणि फाशावर ३.५ कधीच पडत नाही. तेव्हा X पूर्णांक असला तरी E(X) पूर्णांक करायचा नसतो.

आता बघ, सरासरीत फक्त ०.०५ चा फरक केला तर उत्तरात ०.२०२५ चा फरक पडला, म्हणजे चौपट. कारण वजा होणारी गोष्ट E(X) नसून तिचा वर्ग आहे, आणि वर्गातली चूक साधारण २ × E(X) × मूळ चूक एवढी होते. इथे २ × २.०५ × ०.०५ म्हणजे ०.२०५, जवळपास तेवढाच फरक आलाय.

व्याख्येनं, म्हणजे (x − E(X))² × P या रकान्यानं केलं असतं आणि दादानं तिथेही २ च धरला असता, तर? वर डोळ्यांनी काढलेला अंदाज नेमका तोच आहे: १.४५. खरं उत्तर १.४४७५, फरक फक्त ०.००२५, म्हणजे ०.०५ चा वर्ग. सरासरी पूर्णांकात आणण्याची चूक तीच, पण एका पद्धतीत ती फुगते आणि दुसऱ्या पद्धतीत विरून जाते. E(X) चे दशांश लांबलचक असतील आणि ते छाटावेच लागणार असतील, तर व्याख्येची लांब वाट जास्त सुरक्षित आहे. आखूड सूत्र वापरायचं तर E(X) पूर्ण ठेवायचा आणि छाटायचं ते फक्त शेवटचं उत्तर.

किमती मोठ्या असल्या की हा फरक भयंकर होतो. समज, ५०० मिलीलीटरची तेलाची बाटली भरणारं यंत्र आहे आणि x च्या किमती ४९८, ४९९, ५००, ५०१, ५०२ आहेत. संभाव्यता त्याच. सगळ्या किमती फक्त ४९८ नं सरकल्यात, पसारा तोच आहे, म्हणून व्हेरिअन्स १.४४७५ च असायला हवा. इथे E(X) = ५००.०५ आणि E(X²) = २५००५१.४५. कुणी E(X) ५०० धरला तर २५००५१.४५ − २५०००० = ५१.४५ येईल. ५००.१ धरला तर त्याचा वर्ग २५०१००.०१, आणि उत्तर −४८.५६. एक दशांश स्थळ ठेवूनही ऋण! ज्या किमतींचा सगळा पसारा चार मिलीलीटरचा आहे, त्यांचा व्हेरिअन्स ४ पेक्षा जास्त असूच शकत नाही, तेव्हा ५१.४५ ही तितकंच अशक्य आहे. चौथा रकाना बरोबर असूनही उत्तर ऋण आलं, तर छाटलेला E(X) हे दुसरं कारण तपासायचं.

अशा वेळी मधली एखादी सोयीची किंमत वजा करून घ्यावी. d = x − ५०० (तुझ्या मिक्सरसाठी d = x − २) घेतलं की दोन्ही तक्ते एकच होतात:

| d | P | dP | d²P |
|---|---|---|---|
| −२ | ०.१० | −०.२० | ०.४० |
| −१ | ०.२५ | −०.२५ | ०.२५ |
| ० | ०.३० | ० | ० |
| १ | ०.२० | ०.२० | ०.२० |
| २ | ०.१५ | ०.३० | ०.६० |
| बेरीज | १.०० | ०.०५ | १.४५ |

E(d) = ०.०५, व्हेरिअन्स १.४५ − ०.००२५ = १.४४७५. इथे (२.०५)² सारखा गुणाकारही करावा लागला नाही. परत जाताना E(X) मध्ये २ (किंवा ५००) मिळवायचे, व्हेरिअन्समध्ये काहीही मिळवायचं नाही. ३.४४७५ असं उत्तर दिसलं की हीच गफलत झाली समजायचं. सगळ्या किमती एकाच अंतरानं सरकल्या तर त्यांची एकमेकांपासूनची अंतरं बदलत नाहीत, आणि व्हेरिअन्स ती अंतरंच मोजतो.

या तक्त्यात ऋण किमती आल्या, तेव्हा चिन्हाच्या चुकीबद्दलही सांगतो. त्यासाठी एक जुना खेळ घेऊ. ब्रिटिश नौदलातले खलाशी 'क्राउन अँड अँकर' खेळायचे. तीन फासे, प्रत्येकावर सहा चिन्हं. तू एका चिन्हावर एक रुपया लावलास, आणि ते चिन्ह एका फाशावर आलं तर एक रुपया नफा, दोनवर आलं तर दोन, तिन्हींवर आलं तर तीन. कुठेच आलं नाही तर लावलेला रुपया गेला. X म्हणजे निव्वळ नफा.

| x | P | xP | x²P |
|---|---|---|---|
| −१ | १२५/२१६ | −१२५/२१६ | १२५/२१६ |
| १ | ७५/२१६ | ७५/२१६ | ७५/२१६ |
| २ | १५/२१६ | ३०/२१६ | ६०/२१६ |
| ३ | १/२१६ | ३/२१६ | ९/२१६ |
| बेरीज | १ | −१७/२१६ | २६९/२१६ |

इथली पहिली अडचण P च्या रकान्यातच येते. चिन्ह नेमकं एका फाशावर येणं म्हणजे ते तीनपैकी कोणत्याही फाशावर येऊ शकतं, म्हणून ३ × २५ = ७५. हा तीनचा गुणाकार विसरला की ७५ च्या जागी २५ आणि १५ च्या जागी ५ येतात, आणि अंशांची बेरीज २१६ ऐवजी १५६ होते. P ची बेरीज १ येते का, हे बघितल्याशिवाय तिसऱ्या रकान्याला हात लावू नये, ते याचसाठी.

अपेक्षित मूल्य −१७/२१६, म्हणजे साधारण −०.०७९. दर रुपयामागे जवळपास आठ पैसे जातात. E(X) ऋण असणं ही चूक नाही, व्हेरिअन्स ऋण असणं ही चूक आहे. E(X) ऋण आलेला बघून चिन्ह पुसून टाकणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

व्हेरिअन्स = २६९/२१६ − (१७/२१६)² = २६९/२१६ − २८९/४६६५६ = ५७८१५/४६६५६, म्हणजे साधारण १.२३९. इथे छेदाचा वर्ग करायला विसरून २८९/२१६ लिहिलं की उत्तर −२०/२१६ येतं. ऋण उत्तराचं हे तिसरं कारण. अपूर्णांकांची गणितं दिली की वर्गात निदान दोघांचं तरी असं होतं, कारण आधीच्या सगळ्या रकान्यांत २१६ हाच छेद चालत आलेला असतो आणि हात सवयीनं तोच लिहितो.

(−१)² = −१ ही चूक मात्र गुपचूप घुसते. मग x²P ची बेरीज १९/२१६ होते आणि व्हेरिअन्स सुमारे ०.०८२ येतो. धन आहे, लहान आहे, काही खटकत नाही. पण इथे x ची प्रत्येक किंमत शून्यापासून निदान १ अंतरावर आहे, म्हणजे x² कधीच १ पेक्षा लहान नाही. मग त्याची सरासरी ०.०८८ कशी असेल? E(X²) नेहमी सगळ्यात लहान x² आणि सगळ्यात मोठा x² यांच्या मध्ये असायला हवा, इथे १ आणि ९ यांच्या मध्ये. शिवाय x²P च्या रकान्यात उणे चिन्ह दिसलं की ती ओळ चुकलीच.

ही चूक पुष्कळदा कॅल्क्युलेटरमधून येते. साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर कंसाशिवाय −२² दाबलं की तो आधी २ चा वर्ग करतो, मग उणे लावतो आणि −४ दाखवतो. (−२)² असं कंसात दाबायचं. एक्सेलमध्ये उलट आहे: तिथे `=-2^2` चं उत्तर ४ येतं. दोन्हीकडे कंस घातला की प्रश्नच राहत नाही.

एक्सेलवर ताळा करायचा असेल तर A2 ते A6 मध्ये x आणि B2 ते B6 मध्ये P भर, आणि दोन वेगळ्या चौकटींत हे लिही:

```
=SUMPRODUCT(A2:A6,B2:B6)
=SUMPRODUCT(A2:A6^2,B2:B6)-SUMPRODUCT(A2:A6,B2:B6)^2
```

तुझ्या मिक्सरच्या तक्त्यासाठी 2.05 आणि 1.4475 मिळतील. `VAR.P(A2:A6)` वापरू नकोस. ते P कडे बघतच नाही, पाचही किमती सारख्याच संभाव्यतेच्या धरतं आणि 2 हे उत्तर देतं. ते उत्तर तुझ्या दुकानाचं नाही, ० ते ४ यांपैकी कोणताही आकडा सारख्याच वेळा येणाऱ्या दुकानाचं आहे.